गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं : उड्या मारणाऱ्या खेळाडूंचे नेहमीचे प्रश्न

दुखतंय ते हेच आहे, हे ओळखायचं कसं?

एका बोटाने जागा दाखवायला सांगा. वाटीच्या खालच्या टोकावर बोट टेकवून खेळाडू "इथेच" म्हणाला, तर निम्मं निदान झालं. वाटीला मांडीच्या स्नायूने जी ताकद मिळते, ती पुढे नडगीपर्यंत नेणारा एक जाड, रुंद टेंडन असतो. आपल्या पुस्तकांत त्याला कंडरा म्हणतात. हा टेंडन वाटीच्या खालच्या टोकाला चिकटतो आणि बहुतेक वेळा तिथेच बिघडतो. पूर्ण तळहात गुडघ्यावर फिरवून "इथे सगळीकडे दुखतं" असं कुणी सांगितलं, तर हा आजार असण्याची शक्यता कमी होते. असं पसरलेलं दुखणं बहुधा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्याचं असतं.

दुसरी खूण म्हणजे दुखणं ओझ्याप्रमाणे चढतं. चालताना काही नाही, जिना उतरताना थोडं, दोन पायांवर उडी मारताना जास्त आणि एका पायावर उतरताना सगळ्यात जास्त. वॉर्मअपनंतर ते कमी होतं, त्यामुळे खेळाडू सरावभर खेळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना तोंड वाकडं करतो. गुडघ्यात पाणी भरून सूज येणं, गुडघा मध्येच अडकणं किंवा पाय अचानक लुळा पडल्यासारखं वाटणं या आजारात होत नाही. यातलं काही असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा.

नुसतं दाबून दुखतं का, यावर मात्र विसंबू नका. सीझनमध्ये व्हॉलीबॉल खेळणाऱ्या कित्येकांचा तो भाग दाबला की दुखतो आणि तरी त्यांना काहीही त्रास नसतो.

टेंडनला सूज आलेली असते का?

नेहमीच्या अर्थाने सूज नसते, म्हणूनच सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं बरं होत नाही. निरोगी टेंडनमध्ये कोलॅजनचे धागे चऱ्हाटाच्या पिळासारखे एका दिशेने घट्ट बसवलेले असतात. झेपेल त्याहून जास्त ओझं, दोन सत्रांत पुरेसा वेळ न देता, पुन्हा पुन्हा पडलं की सुरुवातीला टेंडन पाणी धरून जाड होतो. या टप्प्यावर ओझं आवरलं तर तो बराचसा पूर्ववत होऊ शकतो. तसंच रेटत राहिलं तर आतल्या काही भागात धाग्यांची रचना विस्कटते. हा विस्कटलेला भाग पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही, पण त्याच्या आजूबाजूला चांगला टेंडन भरपूर शिल्लक असतो. पुढचे सगळे व्यायाम त्या चांगल्या भागाला आणि त्याला खेचणाऱ्या मांडीच्या स्नायूला बळकट करण्यासाठी आहेत.

मी वर्षानुवर्षं उड्या मारतोय, मग आत्ताच का दुखायला लागलं?

उड्यांचा हिशेब मांडून पाहा, उत्तर बहुधा तिथेच सापडतं. एक उदाहरण धरू. वीस वर्षांचा, ७२ किलो वजनाचा, कॉलेजच्या संघातला मिडल ब्लॉकर. एरवी आठवड्याला चार दिवस सराव आणि दर सरावाला सुमारे ९० उड्या, म्हणजे आठवड्याला ३६०. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी शिबिर लागतं. सहा दिवस, सकाळी ६० आणि संध्याकाळी ९०, म्हणजे दिवसाला १५० आणि आठवड्याला ९००. एका आठवड्यात ओझं अडीचपट झालं. शिवाय सकाळ-संध्याकाळ सत्र असल्यामुळे टेंडनला मध्ये एकही मोकळा दिवस मिळाला नाही. जड ओझ्यानंतर टेंडनला सावरायला साधारण दोन दिवस लागतात. दुसऱ्या आठवड्यात डावा गुडघा बोलू लागतो.

डावाच का? उजव्या हाताने स्मॅश मारणारा खेळाडू हवेत वळलेला असतो आणि अनेकदा डाव्या पायावर उतरतो. त्यात मैदान सिमेंटचं असेल तर भर पडते. बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत हे दुखणं इनडोअरवाल्यांपेक्षा बरंच कमी दिसतं.

उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा आहे. परीक्षेमुळे किंवा पाय मुरगळल्यामुळे दीड महिना सुट्टी होते आणि पहिल्याच दिवशी पूर्वीइतक्या उड्या मारल्या जातात. आकडा जुनाच असतो, पण टेंडन आता तेवढ्या ताकदीचा राहिलेला नसतो.

सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा का?

लक्षणं वर सांगितल्यासारखी स्पष्ट असतील तर लगेच गरज नाही. सोनोग्राफीच्या चित्रात टेंडन काळपट आणि जाड दिसतो, रिपोर्टवर "पार्शल टेअर" असं लिहून येतं आणि खेळाडू घाबरून उडी मारणंच सोडतो. असे बदल अजिबात न दुखणाऱ्या टेंडनमध्येही सर्रास दिसतात. दुखणं थांबल्यावर चित्र सुधारतंच असंही नाही, म्हणून बरं झालं का ते पाहायला दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. निदानाबद्दल शंका असेल किंवा नीट व्यायाम करूनही काही महिन्यांत फरक पडला नसेल, तेव्हा तपासणीचा उपयोग होतो.

दोन महिने पूर्ण विश्रांती घेतली. दुखणं गेलं, पण खेळायला लागताच परत आलं. असं का?

विश्रांतीत दुखत नव्हतं, कारण दुखवणारं ओझंच नव्हतं. तेवढ्या काळात मांडीचा स्नायू वाळला आणि टेंडनची ताण सोसायची क्षमता आणखी घटली. मग तोच खेळ पूर्वीपेक्षा कमकुवत पायावर पडला. या दुखण्यात सगळ्यात जास्त वेळ याच फेऱ्यात वाया जातो. विश्रांती, बरं वाटणं, खेळ, दुखणं आणि पुन्हा विश्रांती, अशी दोन-दोन वर्षं निघून जातात.

उड्या कमी करायच्या, पण पायावरचं ओझं पूर्ण काढायचं नाही. टेंडनला संथ आणि जड ओझं सहसा सोसतं. त्याला झोंबतो तो झटका, म्हणजे टेंडन स्प्रिंगसारखा ताणला जाऊन लगेच सुटतो ती हालचाल. म्हणून व्यायामाची सुरुवात संथपणे करायची आणि झटका सगळ्यात शेवटी परत आणायचा.

मग प्रत्यक्ष करायचं काय? टप्प्याटप्प्याने सांगा.

मघाचाच मिडल ब्लॉकर घेऊ. त्याच्या उड्या आधी दुखत नव्हतं त्या पातळीच्याही खाली आणायच्या. आठवड्याला दोन सराव आणि प्रत्येकी ३० उड्या. सर्व्हिस, रिसिव्ह, पास यांवर बंधन नाही.

*पहिला टप्पा, गुडघा न हलवता ताण.* लेग एक्स्टेन्शन मशीनवर बसून गुडघा साधारण ६० अंशांत वाकलेला ठेवायचा आणि वजन तिथेच धरून ठेवायचं. एका वेळी ४५ सेकंद, असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. दुखऱ्या पायाने वेगळं आणि चांगल्या पायाने वेगळं. वजन इतकं हवं की चाळिसाव्या सेकंदाला मांडी थरथरली पाहिजे. गप्पा मारत ४५ सेकंद निघाले तर ते हलकं आहे. हे रोज चालतं. काहींचं दुखणं यानंतर तासभर बरंच उतरतं, काहींचं फारसं उतरत नाही. उतरलं नाही म्हणून सोडू नका, स्नायूला ताण मिळतोच आहे.

*दुसरा टप्पा, संथ आणि जड.* संथ वाकताना दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं की हा सुरू करायचा. कुणाला आठवड्यात जमतं, कुणाला तीन आठवडे लागतात. एक दिवसाआड, एका पायाने लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शन. खाली जाताना तीन सेकंद, वर येताना तीन सेकंद. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, कारण मनातल्या मनात मोजलेले तीन सेकंद प्रत्यक्षात दीडच भरतात. सुरुवातीला १५ वेळा उचलता येईल एवढ्या वजनाचे चार सेट. पुढच्या काही आठवड्यांत १२, मग १०, मग ८ आणि शेवटी ६. आकडा घटला की वजन वाढलंच पाहिजे. समजा आपला खेळाडू डाव्या पायाने ४० किलोवर १५ वेळा करतो आणि उजव्या पायाने ५० किलोवर. ही दहा किलोंची दरी हीच त्याची खरी अडचण आहे, कारण उतरताना डावा पाय जास्त ओझं घेतो आणि ताकद मात्र त्याचीच कमी आहे. साधारण तीन महिन्यांत त्याला एका पायाने शरीराच्या दीडपट, म्हणजे १०८ किलोच्या आसपास, आठ-आठ वेळा चार सेट जमायला हवेत. लेग प्रेस मशीनचा उतार आणि पाळण्याचं स्वतःचं वजन जिमगणिक वेगळं असतं. त्यामुळे हा आकडा दिशा म्हणून घ्या आणि दोन्ही पायांची बरोबरी एकाच मशीनवर तपासा. पहिल्या टप्प्यातला व्यायाम मधल्या दिवशी चालूच राहतो.

पोटऱ्या विसरू नका. एका पायावर टाच उचलणं, संथपणे, आठवड्यातून तीनदा. उतरताना पहिला धक्का पोटरी झेलते; ती थकली की उरलेला सगळा गुडघ्यावर जातो.

*तिसरा टप्पा, झटका परत आणणं.* दर तिसऱ्या दिवशीच. आधी दोन पायांवर जागच्या जागी उड्या, दहाचे तीन सेट. मग सहा सेटपर्यंत, मग पायरीवरून उतरून उडी, मग एका पायावर. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. उंची वाढवली तर संख्या तीच ठेवा. दुसऱ्या टप्प्याचे जड व्यायाम सोडायचे नाहीत, ते उड्यांच्या दिवसांच्या मध्ये बसवायचे.

*चौथा टप्पा, खेळ.* ॲप्रोच घेऊन स्मॅश, ब्लॉक, ब्लॉकनंतर लगेच दुसरा ब्लॉक. तेही सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी. आपल्या खेळाडूने ३० उड्यांपासून चढत ९० वर यायला दीड-दोन महिने घ्यावेत.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का?

शून्य दुखणं ही अट घातली तर व्यायाम कधीच सुरू होणार नाही. दहापैकी तीनपर्यंत चालतं. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उताराच्या फळीवर दुखऱ्या पायावर एकदाच संथ वाका आणि दुखण्याला दहापैकी गुण द्या. काल दोन होते आणि आज दोनच आहेत, म्हणजे कालचं ओझं झेपलं. आज पाच आले तर काल जास्त झालं. मग पुढच्या सत्रात शेवटी वाढवलेली गोष्ट मागे घ्या, पण सगळंच बंद करू नका.

हा आकडा रोज वहीत लिहा आणि शेजारी आदल्या दिवशीच्या उड्या. तीन आठवड्यांनी ती वही कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते.

फळी घरी करता येते. ३३ सेंटिमीटर लांब जाड फळी घ्या आणि टाचेकडची बाजू १४ सेंटिमीटर उचला, की २५ अंशांचा उतार मिळतो. टाच वर असल्यामुळे पोटरीची मदत घटते आणि ताण थेट वाटीखाली येतो.

गावात जिम नाही. घरी कसं करू?

पहिल्या टप्प्यासाठी मजबूत पट्टा किंवा दोर खांबाला बांधा, त्याचा फास दोन्ही गुडघ्यांच्या मागच्या बाजूला, किंचित खाली घ्या आणि मागे रेलून खुर्चीत बसल्यासारखे खाली या. नडगी उभीच राहते आणि मांडी पेटते. तिथेच ४५ सेकंद. दोर बोचतो, खाली टॉवेल गुंडाळा. दुसऱ्या टप्प्याला सॅकमध्ये विटा भरून पायरीवर एका पायाने संथ वर-खाली करा. एक वीट साधारण तीन किलोची, सहा विटा म्हणजे १८ किलो. वीस लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरूनही चालतं. पण ताकदवान खेळाडूला हे ओझं दीड-दोन महिन्यांत अपुरं पडतं आणि मग तालुक्याच्या गावी का होईना, मशीन शोधावं लागतं.

आमचे सर रोज शंभर बैठका आणि बेडूक उड्या घालायला लावतात. त्या चालतील?

बेडूक उड्या आत्ता नकोतच. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातून झटका, तोही थकलेल्या पायाने, हे दुखऱ्या टेंडनला सगळ्यात जड जातं. बैठकांचं वेगळं आहे. त्या वाईट नाहीत, पण शंभर सलग बैठका निघतात म्हणजे ओझं हलकं आहे. त्यातून दम वाढेल, टेंडन नाही. सरांना "व्यायाम करत नाही" असं सांगण्याऐवजी "शंभरच्या जागी पाठीवर वजन घेऊन संथ आठ-आठच्या चार फेऱ्या करतो" असं सांगा, बहुतेक सर ऐकतात.

पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. इंजेक्शन घेऊन खेळू का?

स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत इंजेक्शनवाले आणि व्यायामवाले बारा आठवड्यांनी सारखेच बरे दिसत होते, पण सहा महिन्यांनी इंजेक्शनवाल्यांचं दुखणं परतलं आणि व्यायामवाल्यांचा फायदा टिकला. शिवाय स्टेरॉइडने टेंडन कमकुवत होऊ शकतो. स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी महाग असतं. साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी त्याची तुलना केली तेव्हा वर्षभरात फरक दिसला नाही. ऑपरेशन अगदी शेवटी. नॉर्वेत ऑपरेशन आणि उताराच्या फळीवरचा व्यायाम यांची तुलना झाली, तेव्हा वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच होते.

स्पर्धा टाळता येत नसेल तर सामन्याच्या तासभर आधी पहिल्या टप्प्यातला व्यायाम करा, सरावातल्या उड्या जवळपास बंद करून त्या सामन्यासाठी राखा आणि स्पर्धेनंतरच्या आठवड्यात दुखणं वाढेल हे गृहीत धरा. सीझन ऐन भरात असताना त्यावर भरपूर व्यायामाची भर घातली तर फायदा होत नाही. व्हॉलीबॉल खेळाडूंवर हे करून पाहिलेलं आहे. आधी कशात तरी कपात करावी लागते.

पट्टा, बर्फ, मालिश, गोळ्या?

वाटीखाली बांधायच्या पट्ट्याने काहींना खेळताना बरं वाटतं, वापरायला हरकत नाही. बर्फाने तेवढ्यापुरतं. मांडीला मालिश चालेल. दुखऱ्या टोकावर अंगठ्याने रगडणं नको, त्याने ते आणखी चिडतं. वेदनाशामक गोळी घेऊन खेळण्यात तोटा हा की दुसऱ्या दिवशीचा सकाळचा आकडा खोटा येतो.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा नावांची अँटिबायोटिक्स सहज दिली जातात. या गटाच्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते. आपलं टेंडनचं दुखणं डॉक्टरांना आधीच सांगा आणि दुसरा पर्याय आहे का विचारा.

उतरण्याची पद्धत बदलावी का?

ताकद आल्यावर बदला, आधी नाही. ताठ गुडघ्याने धप्पकन उतरणाऱ्याला कमरेतून आणि घोट्यातून वाकायला शिकवलं तर धक्का वाटला जातो. पण त्याआधी घोटा वाकतो का ते तपासा. पायाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल किंवा दोन्ही पायांत ठळक फरक असेल, तर घोटा आखडलेला आहे. जुन्या मुरगळीनंतर हे फार दिसतं. घोट्याला मोकळं न करता "मऊ उतर" असं ओरडून काही होत नाही.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्यालाही वाटीखालीच दुखतं.

या वयात टेंडनपेक्षा हाडाचं वाढतं टोक जास्त दुखतं. वाटीच्या तीन-चार बोटं खाली, नडगीवर उंचवटा येऊन तो दुखत असेल तर तो ऑसगुड-श्लाटर. वाटीच्या खालच्या टोकावरच दुखत असेल तर त्याचाच भाऊबंद. वाढ संपत आली की बहुतेक मुलांचं थांबतं. तोवर उड्या आणि धावणं दुखण्याच्या मानाने कमी करायचं. वर सांगितलेला जड कार्यक्रम मुलांना जसाच्या तसा लावू नका.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

महिन्यांत मोजा. नुकतंच सुरू झालेलं दुखणं ओझं आवरल्यावर काही आठवड्यांत शांत होऊ शकतं. वर्षभर जुनं असेल तर सहा महिने धरा, कधी त्याहून जास्त. रॉटरडॅममध्ये ७६ खेळाडूंवर चौटप्पी कार्यक्रम आणि जुना फळीवरचा व्यायाम यांची तुलना करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौटप्पी कार्यक्रम सरस ठरला. तरीही २४ आठवड्यांनी त्या गटातले ४३ टक्केच पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतले होते. "सहा आठवड्यांत गॅरंटी" असं कुणी सांगत असेल तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

आणि मैदानावर परतल्यावर आठवड्यातून दोनदा जड लेग प्रेस चालूच ठेवायचा, सीझनमध्येसुद्धा. तो सोडल्यावर बहुतेकांचं दुखणं पुढच्या शिबिरात भेटायला येतं.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

उडी मारताना किंवा उतरताना कट् असा आवाज आला, गुडघा सरळ ठेवून पाय उचलता येत नाही आणि वाटी दुसऱ्या पायापेक्षा वर सरकलेली दिसते, तर टेंडन तुटला असण्याची शक्यता आहे. हे क्वचित होतं. पाय सरळ बांधून त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनकडे न्या. पूर्ण तुटलेला टेंडन शिवावा लागतो आणि आठवडे गेले तर तो आखडून वर ओढला जातो, मग शिवणं अवघड होतं.